ln k आणि 1/T च्या रेषेवरून सक्रियण ऊर्जा काढताना: उतार, त्रुटी आणि एका बिंदूचं वजन

वेगवेगळ्या तापमानांना मोजलेले वेगस्थिरांक हाताशी आहेत आणि त्यांच्यावरून सक्रियण ऊर्जा काढायची आहे. कृती दोन ओळींत सांगता येते: वेगस्थिरांकाचा नैसर्गिक लॉग घ्या, तो केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध मांडा, सरळ रेषा जुळवा आणि उताराला −R ने गुणा. एवढं केलं की आकडा मिळतोच. प्रश्न उरतो तो त्या आकड्यावर किती विसंबायचं याचा. दोन गटांनी एकाच अभिक्रियेसाठी १०३ आणि १०७ किलोजूल प्रति मोल अशी उत्तरं दिली, तर तो फरक खरा की नुसती मोजमापातली हालचाल? हे ठरवायचं तर रेषेच्या मागे थोडं डोकावावं लागतं. लेखाचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे.

उदाहरण म्हणून डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचं वायुरूपातलं विघटन घेऊ. फॅरिंग्टन डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही मोजमापं रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही भेटतात. अभिक्रिया पहिल्या कोटीची आहे, त्यामुळे k चं एकक प्रतिसेकंद एवढंच, आणि ० ते ६५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात k सहा हजारपटींहून जास्त वाढतो. शिवाय मूळ आकड्यांत थोडी खरीखुरी हालचाल आहे. शिकायला अशीच माहिती बरी, अगदी रेषेवर बसणारी नको.

समीकरण आणि तक्ता

अऱ्हेनियसने १८८९ मध्ये मांडलेलं समीकरण असं:

k = A · e^(−Ea/RT)

दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉग घेतला की

ln k = ln A − (Ea/R) · (1/T)

उभ्या अक्षावर ln k, आडव्या अक्षावर 1/T. उतार −Ea/R, आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदेल तिथे ln A. R ची किंमत ८.३१४ जूल प्रति मोल प्रति केल्विन.

| तापमान (°से.) | T (K) | k (प्रतिसेकंद) | 1000/T | ln k |
|---|---|---|---|---|
| ० | २७३.१५ | ७.८७ × १०⁻⁷ | ३.६६१० | −१४.०५५ |
| २५ | २९८.१५ | ३.४६ × १०⁻⁵ | ३.३५४० | −१०.२७२ |
| ३५ | ३०८.१५ | १.३५ × १०⁻⁴ | ३.२४५२ | −८.९१० |
| ४५ | ३१८.१५ | ४.९८ × १०⁻⁴ | ३.१४३२ | −७.६०५ |
| ५५ | ३२८.१५ | १.५० × १०⁻³ | ३.०४७४ | −६.५०२ |
| ६५ | ३३८.१५ | ४.८७ × १०⁻³ | २.९५७३ | −५.३२५ |

इथे 1/T ऐवजी 1000/T लिहिलं आहे ते मुद्दाम. 1/T चे आकडे ०.००३ च्या आसपास घुटमळतात आणि चार दशांशांवर थांबायची सवय इथे महागात पडते. चारच दशांश ठेवले तर ५५ अंशांचं 1/T होतं ०.००३० आणि ६५ अंशांचंही ०.००३०. तिपटीहून जास्त फरक असलेले दोन वेगस्थिरांक आलेखावर एकाच उभ्या रेषेत येऊन बसतात. वहीत हातानं गणित करताना हे हमखास घडतं; स्प्रेडशीटमध्ये सूत्र थेट लावलं आणि मधले आकडे पुन्हा टाइप केले नाहीत, तर घडत नाही.

लॉगच्या बाबतीतही एकदा थांबून पाहावं. एक्सेलमध्ये `LOG` म्हणजे १० पायाचा लॉग आणि `LN` म्हणजे नैसर्गिक. पायथनच्या नमपायमध्ये मात्र `log` हाच नैसर्गिक लॉग. वरच्या माहितीत चुकून १० पायाचा लॉग घेतला तर उतार −५३८० येतो आणि त्याला R ने गुणलं की ४४.७ किलोजूल. हा आकडा वेडावाकडा दिसत नाही, हीच अडचण. रेषाही तितकीच सरळ येते, त्यामुळे आलेख पाहून काही कळत नाही. पडताळणीचा सोपा मार्ग म्हणजे तक्त्यातला एखादा ln k उलटा घातांकात घालून मूळ k परत येतो का ते पाहणं. १० पायाचाच लॉग वापरायचा असेल तर उताराला २.३०३ × R ने गुणावं लागतं.

दोन बिंदूंवर का भागत नाही

परीक्षेतल्या गणितात दोन तापमानं देतात आणि सूत्रात आकडे घालून Ea काढायला सांगतात. खऱ्या मोजमापांत ही वाट किती डळमळीत आहे ते याच तक्त्यात दिसतं. ४५ आणि ५५ अंशांची जोडी घेतली तर सक्रियण ऊर्जा येते ९५.७ किलोजूल प्रति मोल. लगेच पुढची, ५५ आणि ६५ अंशांची जोडी घेतली तर १०८.६. अभिक्रिया तीच, प्रयोग तोच, आणि उत्तरात जवळपास १३ किलोजूलचा फरक.

याचं कारण ५५ अंशांचा बिंदू. तिथला k खऱ्या रेषेपेक्षा किंचित कमी मोजला गेलेला दिसतो. त्यामुळे त्याच्या आधीच्या जोडीचा उतार कमी होतो आणि नंतरच्या जोडीचा वाढतो. चूक एका बिंदूची, ती दोन्ही शेजाऱ्यांच्या हिशेबात उलट्या दिशांनी उतरते. सहाही बिंदूंतून एकच रेषा जुळवली की ही खेचाखेच बरीचशी शमते.

रेषा जुळवणं

एक्सेलमध्ये आलेखावर ट्रेंडलाइन काढून समीकरण वाचता येतं, पण ती सवय मी लावून घेणार नाही. ट्रेंडलाइन उतार देते, उताराची त्रुटी देत नाही. `LINEST` दोन्ही देतं. ln k चे आकडे E2 ते E7 मध्ये आणि 1/T चे D2 ते D7 मध्ये असतील तर:

```
=LINEST(E2:E7, D2:D7, TRUE, TRUE)
```

उत्तर पाच ओळी आणि दोन रकान्यांत येतं. पहिल्या ओळीत उतार आणि छेद, दुसऱ्या ओळीत त्या दोघांच्या प्रमाण त्रुटी. तिसऱ्या ओळीत R² आणि त्याच्या शेजारी बिंदूंचं रेषेपासूनचं विचलन. बाकीच्या दोन ओळींचं इथे काम नाही. पायथन वापरणाऱ्यांसाठी तेच असं:

```python
import numpy as np
from scipy.stats import linregress, t

T = np.array([0, 25, 35, 45, 55, 65]) + 273.15
k = np.array([7.87e-7, 3.46e-5, 1.35e-4,
              4.98e-4, 1.50e-3, 4.87e-3])
f = linregress(1/T, np.log(k))
R = 8.314462618
print(-f.slope * R / 1000)
print(t.ppf(0.975, len(T) - 2) * f.stderr * R / 1000)
```

उतार येतो −१२,३८८ केल्विन. उताराचं एकक केल्विन असतं, कारण ln k ला एकक नाही आणि आडव्या अक्षावर केल्विनचा व्यस्त आहे. R ने गुणून वजाचिन्ह काढलं की १,०३,००० जूल, म्हणजे १०३.० किलोजूल प्रति मोल. आडव्या अक्षावर 1000/T घेऊन रेषा जुळवली असेल तर उतार −१२.३८८ दिसेल, त्याला R ने गुणलं की उत्तर थेट किलोजूलमध्ये मिळतं. इथे आणखी एकदा हजाराने भागलं की ०.१०३ किलोजूल असं उत्तर हाती येतं. ते पाहून लगेच शंका यायला हवी.

उताराची प्रमाण त्रुटी ५७ केल्विन, म्हणजे ०.४७ किलोजूल. ही संख्या तशीच '±' पुढे लिहायची पद्धत बरीच रूढ आहे, पण सहा बिंदूंवर ती फार आशावादी ठरते. सहा बिंदूंतून दोन गोष्टी, उतार आणि छेद, काढल्या. उरले चार स्वातंत्र्यांश. चार स्वातंत्र्यांशांना ९५ टक्के खात्रीसाठीचा टी गुणक २.७८ आहे, नेहमीच्या ओळखीचा १.९६ नाही. म्हणून उत्तर: १०३.० ± १.३ किलोजूल प्रति मोल. एक्सेलमध्ये हा गुणक `=T.INV.2T(0.05,4)` ने मिळतो.

आता R² बद्दल. या रेषेचा R² ०.९९९९ आहे, आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. k हजारो पटींनी बदलत असला की ln k मधला एकूण चढउतार एवढा मोठा असतो की त्यापुढे चारपाच टक्क्यांच्या चुका दिसतच नाहीत. रेषा थोडी वाकलेली असली तरी R² ०.९९ च्या वर राहू शकतो. R² पाहण्यापेक्षा प्रत्येक बिंदूचा रेषेपासूनचा फरक पाहावा.

उरलेले फरक वाचणं

मोजलेल्या ln k मधून रेषेवरचा ln k वजा केला की सहा फरक मिळतात. कमी तापमानाकडून जास्तीकडे: +०.००४, −०.०१५, −०.००२, +०.०४०, −०.०४४, +०.०१७. लॉगमधला छोटा फरक म्हणजे k मधला तेवढाच टक्केवारीतला फरक. म्हणजे ४५ अंशांचा k रेषेपेक्षा चार टक्के जास्त, ५५ अंशांचा चार टक्के कमी. मघाशी दोन बिंदूंच्या हिशेबात गोंधळ घालणारी जोडी ती हीच.

या फरकांकडे पाहताना आकारापेक्षा क्रम महत्त्वाचा. इथे चिन्हं कशीही बदलतात, आणि ते चांगलं लक्षण आहे. दोन्ही टोकांना अधिक आणि मध्ये वजा, किंवा त्याच्या उलट असा आकार दिसला असता, तर माहिती सरळ रेषेची नाही असं समजायचं. मग उतारातून निघालेली 'सक्रियण ऊर्जा' ही दोन वेगवेगळ्या उतारांची सरासरी ठरते, जिला स्वतःचा फारसा अर्थ नसतो.

वाकण्याची कारणं सहसा ओळखीची असतात. सच्छिद्र उत्प्रेरकावर तापमान वाढवत नेलं की अभिक्रिया एवढी जलद होते की रेणू छिद्रांत आत पोहोचण्याचा वेग आड येऊ लागतो. तिथे उतार साधारण निम्म्यावर येतो, आणि आणखी वर गेल्यास त्याहूनही सपाट होतो. विकरांच्या बाबतीत एका तापमानापुढे विकरच उलगडू लागतं आणि k वाढायचा सोडून घसरतो. कमी तापमानाकडे हायड्रोजनचं स्थानांतर असलेल्या अभिक्रियांत पुंज बोगदा परिणामामुळे रेषा सपाट होत जाते. अशा वेळी सगळ्या बिंदूंतून एक रेषा ओढण्यात अर्थ नाही. सरळ भाग वेगळा काढून त्याचाच उतार द्यावा आणि तो कोणत्या तापमानांमधला आहे ते शेजारी लिहावं.

एकट्या बिंदूचं वजन

या तक्त्यात सगळ्यात रंजक बिंदू ० अंशांचा. बाकी पाच बिंदू २५ ते ६५ या चाळीस अंशांत दाटीनं बसले आहेत आणि हा एकटा लांब टोकाला आहे. तो काढून टाकला तर उतार फारसा हलत नाही: १०३.२ किलोजूल येतात. पण त्रुटी ± १.३ वरून ± ३.१ होते. म्हणजे उत्तरातली अर्ध्याहून अधिक नेमकेपणाची मिळकत या एका बिंदूची आहे. सुरुवातीला विचारलेला १०३ विरुद्ध १०७ चा प्रश्न या बिंदूशिवाय नीट सोडवताच आला नसता.

त्याची दुसरी बाजूही आहे. लांबच्या बिंदूला तरफेसारखा जोर असतो. ० अंशांचा k समजा २० टक्के जास्त मोजला गेला असता, तर सक्रियण ऊर्जा २ किलोजूलने खाली आली असती. तीच २० टक्क्यांची चूक ३५ अंशांच्या बिंदूत झाली असती, तर उत्तर ०.०५ किलोजूलने हललं असतं, म्हणजे जवळपास नाहीच. मधला बिंदू चुकला तर रेषा वरखाली सरकते. टोकाचा चुकला तर ती फिरते, आणि आपल्याला हवा असतो उतार. शिवाय टोकाचा बिंदू रेषेला स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून त्याचा उरलेला फरक लहानच दिसतो. वरचा +०.००४ हा आकडा त्या बिंदूच्या अचूकपणाची साक्ष नाही.

म्हणून वेळ आणि साहित्य मर्यादित असेल तर मधल्या तापमानांना आणखी बिंदू घेण्यापेक्षा दोन्ही टोकांना मोजमाप दोनतीनदा करावं. मधले एकदोन बिंदू रेषा वाकत तर नाही ना, हे कळण्यापुरते पुरतात.

टोकाच्या बिंदूत चूक बहुतेकदा k मोजण्यात होत नाही, तापमानात होते. तापमानाला k किती संवेदनशील आहे ते Ea/RT² वरून कळतं: या अभिक्रियेत ० अंशांजवळ एका अंशाच्या फरकानं k सुमारे १७ टक्के बदलतो, ६५ अंशांजवळ ११ टक्के. बर्फाच्या पाण्यात ठेवलेलं पात्र आत खरंच ० अंशांवर आहे की १ अंशावर, एवढ्या फरकानं सक्रियण ऊर्जा १.९ किलोजूल सरकते. ही चूक आपण काढलेल्या ± १.३ मध्ये धरलेली नाही, कारण रेषा जुळवण्याचं गणित आडव्या अक्षावरचे आकडे अचूक मानून चालतं. थर्मामीटर सगळीकडे सारखाच एक अंश चुकीचा असेल तर नुकसान कमी, सुमारे ०.७ किलोजूल. घातक असतो तो एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी चुकणारा थर्मामीटर. म्हणून तापमान बाथच्या पडद्यावरून न वाचता अभिक्रिया होते त्या मिश्रणातच मोजावं.

k मध्ये लपलेले गुणक

k च्या व्याख्येबद्दलचा एक गोंधळ उताराला धक्का लावत नाही, हे कळलं की बरीच काळजी मिटते. पेंटॉक्साइडच्या समीकरणात दोन रेणू विघटित होतात, म्हणून कुणी k ची व्याख्या निम्मी करतं, कुणी करत नाही. कुणी k प्रतिमिनिट देतं. असा कोणताही स्थिर गुणक ln k मध्ये स्थिर बेरीज होऊन येतो. सगळी रेषा वर किंवा खाली सरकते, उतार तोच राहतो. बदलतो तो फक्त A. त्यामुळे k च्या एककाची चूक Ea मध्ये कधीच सापडणार नाही. ती शोधायची तर A पाहावा.

तापमानासोबत बदलणारा गुणक मात्र थेट उतारात शिरतो. विघटनातून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड थंडीत जोड्या करून टेट्रॉक्साइड बनवतो, आणि गरम केलं की त्या जोड्या सुटतात. विघटन किती झालं हे दाबावरून ठरवत असाल तर ही दुरुस्ती प्रत्येक तापमानाला वेगळी करावी लागते. ती टाळली तर रेषा सरळच दिसेल आणि उतार चुकलेला असेल. दुसऱ्या कोटीच्या वायू अभिक्रियांत k दाबाच्या एककात घेतला की संहतीच्या, यावरही Ea मध्ये RT एवढा फरक पडतो. सामान्य तापमानाला तो अडीच किलोजूल, म्हणजे आपल्या त्रुटीच्या दुप्पट. पहिल्या कोटीत हा प्रश्न येत नाही.

k चे आकडे सगळ्या तापमानांना सारख्याच टक्केवारीच्या अचूकतेनं मोजले असतील तर साधी रेषा योग्य. काही k इतरांपेक्षा बरेच अनिश्चित असतील तर प्रत्येक बिंदूला (k/त्रुटी)² एवढं वजन द्यावं.

A आणि उत्तर लिहिण्याची पद्धत

छेद ३१.२९ येतो, त्यावरून A ३.९ × १०¹³ प्रतिसेकंद. पण हा छेद 1/T = ० ला, म्हणजे अनंत तापमानाला आहे, आणि आपले बिंदू त्यापासून फार दूर. म्हणून छेदाची ९५ टक्के त्रुटी ± ०.५१ एवढी आहे. घातांकात घातली की A २.३ × १०¹³ ते ६.५ × १०¹³ मध्ये कुठेही असू शकतो. A साठी दोन सार्थ अंकदेखील जरा जास्तच.

तरीही त्याच रेषेवरून ४० अंशांचा k काढला तर तो चांगलाच नेमका येतो, २.५७ × १०⁻⁴ प्रतिसेकंद. कारण उतार आणि छेद यांच्या चुका एकमेकींशी घट्ट बांधलेल्या असतात: एक वाढला की दुसराही वाढतो आणि मोजलेल्या पट्ट्यात दोघांचा परिणाम एकमेकांना खोडतो. ही जोडी तोडायची नाही. Ea गोल करून १०० किलोजूल आणि A ४ × १०¹³ असं लिहिलं, तर ४० अंशांचा k ८.४ × १०⁻⁴ येतो, सव्वातीनपट चुकीचा. म्हणून पुढे कुणाला k काढावा लागेल असं वाटत असेल तर उतार आणि छेद न कापता, जास्तीच्या अंकांसह द्यावेत, आणि त्रुटीनुसार गोल केलेला आकडा वेगळा लिहावा.

अहवालात ओळ साधारण अशी यावी: 'सक्रियण ऊर्जा १०३.० ± १.३ किलोजूल प्रति मोल, ९५ टक्के खात्री, सहा बिंदू, २७३ ते ३३८ केल्विन.' तिच्यात 'दिसणारी' हा शब्द जोडला तर आणखी उत्तम. पेंटॉक्साइडचं विघटन एका टप्प्यात होत नाही; आधी ते डायऑक्साइड आणि ट्रायऑक्साइडमध्ये फुटतं, त्यातले बरेच रेणू पुन्हा जुळतात, आणि उरलेल्यांपैकी काही पुढच्या टप्प्यात ऑक्सिजन देतात. मोजलेला k या तिन्ही वेगस्थिरांकांच्या गुणाकार-भागाकारातून बनतो, त्यामुळे १०३ हा आकडा पुढे जाणाऱ्या दोन टप्प्यांच्या ऊर्जांची बेरीज उणे परत जुळण्याच्या टप्प्याची, असा असतो. उतारावरून यापैकी कोणतीही ऊर्जा एकटी वेगळी काढता येत नाही. त्यासाठी तो तो टप्पा स्वतंत्रपणे मोजावा लागतो.